'करून'मध्ये दडलेल्या पायऱ्या

एका छोट्या वर्कशॉपमध्ये पेडेस्टल ग्राइंडरशेजारच्या भिंतीवर एक कागद होता. चाक बदलण्याची ती कार्यपद्धती माझ्याकडे दुरुस्तीला आली. त्यात लिहिले होते : 'मशीन बंद करून, गार्ड काढून, जुने चाक सोडवून नवीन चाक बसवावे व नट घट्ट करून मशीन चालू करून पाहावे.' सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत : 'टीप – चाकाला तडा नसल्याची खात्री करावी. योग्य ती काळजी घ्यावी.'

म्हणजे माणूस टिपेपर्यंत पोहोचतो तेव्हा चाक फिरत असते. 200 मिलिमीटरचे चाक मिनिटाला 2800 फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटरवर जातो. तडा गेलेले चाक त्या वेगाला फुटले, तर तुकडे समोरच्याच्या तोंडावर येतात.

मराठीत 'करून' लावत गेले की एका वाक्यात कितीही कामे मावतात. म्हणून मी आधी प्रत्येक 'करून' तोडला. नुसत्या 'मशीन बंद करून'मधून तीन पायऱ्या निघाल्या : स्विच बंद करा. प्लग काढा. चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. तिसरी पायरी मूळ कागदावर नव्हतीच. स्विच बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहते.

मग टीप उचलून नवे चाक बसवण्याच्या पायरीआधी आणली आणि ठळक केली : 'तडा गेलेले चाक फिरताना फुटते. बद्द आवाजाचे चाक बसवू नका.' 'खात्री करावी' म्हणजे कशी, तेही लिहावे लागले. कोरडे चाक भोकात बोट घालून लटकवा. लाकडी मुठीने कडेजवळ हलके ठोका. आवाज खणखणीत आला, तर पुढे जा. 'योग्य ती काळजी घ्यावी' मात्र खोडून टाकले. त्यातून कुणालाच काही कळत नाही.

सगळ्या सूचना माथ्यावर रचणेही चूकच. गॉगल आणि हातमोजे न घालणे हे माथ्यावर ठीक, कारण ते पूर्ण कामाला लागू आहे. पण डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, हे त्या नटाला पाना लावण्याच्या पायरीच्या लगेच आधीच हवे. तसेच 'चाकासमोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा' ही सूचना 'एक मिनिट रिकामे चालवा' याच्या आधी येते.

एक अपवाद मी ठेवला. नट सोडवताना एका हाताने चाक अडवावे लागते आणि दुसऱ्याने पाना फिरवावा लागतो. ही दोन कामे एकाच वेळी होतात, म्हणून ती एकाच पायरीत राहिली.

शेवटी कागद नव्या हेल्परच्या हातात दिला आणि प्लग काढलेल्या मशीनवर त्याला एकेक पायरी करायला सांगितली. तो नवव्या पायरीला अडला : 'साहेब, नट किती आवळू?' ते मी लिहिलेच नव्हते.