गळती ठरवते वाढीची मर्यादा

सॉफ्टवेअर एकदाच विकून मोकळे न होता दरमहा वर्गणी घेऊन ते वापरायला देणे, या पद्धतीला ‘सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस’ किंवा थोडक्यात ‘सास’ म्हणतात. अशा धंद्याचा पुढचा अंदाज दोन आकड्यांवर बांधला जातो. चालू वर्गण्यांमधून महिन्याला किती उत्पन्न येते, हा पहिला आकडा. त्याला एमआरआर म्हणतात. कोणी वर्षाचे पैसे एकरकमी भरले तरी त्यात फक्त बारावा हिस्सा धरायचा, आणि सॉफ्टवेअर बसवून देण्याचे एकवेळचे शुल्क मुळीच धरायचे नाही. दुसरा आकडा गळतीचा, म्हणजे चर्नचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला जे ग्राहक होते, त्यांतले शेकडा किती जण महिनाअखेरपर्यंत सोडून गेले, ते हा आकडा सांगतो.

दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा नोंदवण्याचे सॉफ्टवेअर महिना 1,000 रुपयांना देणारी एक छोटी कंपनी कल्पनेत घेऊ. तिचे आज 200 ग्राहक आहेत, म्हणजे एमआरआर 2 लाख रुपये. दर महिन्याला 40 नवे ग्राहक येतात. गळती लक्षात न घेता हिशेब केला तर वर्षअखेरीस 680 ग्राहक व्हायला हवेत. महिन्याला 5 टक्के गळती धरली, तर ते जेमतेम 476 भरतात. एमआरआर 6 लाख 80 हजारांऐवजी 4 लाख 76 हजार.

खरी गोम पुढे आहे. नवे ग्राहक दरमहा 40च येतात. जाणाऱ्यांची संख्या मात्र एकूण ग्राहकांबरोबर वाढत जाते. 200 ग्राहक असताना महिन्याला 10 जातात, 400 असताना 20. ग्राहक 800 झाले की 40 येतात आणि 40 जातात. वाढ तिथेच थांबते. ही मर्यादा काढायला नव्या ग्राहकांच्या संख्येला गळतीच्या दराने भागले की झाले:

```
40 ÷ 0.05 = 800
```

गळती 3 टक्क्यांवर आणली तर हीच मर्यादा 1,333 वर जाते. गंमत अशी की पहिल्या वर्षात हा फरक फारसा डोळ्यांत भरत नाही: 476 ऐवजी 547 ग्राहक. तीन वर्षांनी मात्र एका बाजूला 705 आणि दुसऱ्या बाजूला 955 ग्राहक असतात. म्हणूनच एका वर्षाच्या तक्त्यावर भाळून गळतीकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

एकच सरासरी दर पुढच्या सगळ्या महिन्यांना लावणे ही अंदाजपत्रकातली नेहमीची चूक. वरच्या कंपनीतून एका महिन्यात गेलेले 10 जण कोण होते, हे पाहावे लागते. समजा, 200 पैकी 40 जण गेल्याच महिन्यात आले होते आणि त्यांतले 8 गेले, तर जुन्या 160 पैकी फक्त 2. म्हणजे नव्यांची गळती 20 टक्के आणि जुन्यांची सव्वा टक्का. 5 टक्के हा दर दोघांपैकी कोणाचाच नव्हे. आता जाहिरात करून या महिन्यात 80 ग्राहक आणले, तर पुढच्या महिन्यात त्यांतले 16 जण जातील आणि एकूण गळती 7 टक्क्यांच्या आसपास पोचेल. सॉफ्टवेअर बिघडलेले नसेल, फक्त नव्यांचे प्रमाण वाढलेले असेल. ग्राहकांची यादी ते कोणत्या महिन्यात आले त्यानुसार लावून प्रत्येक गटाचा दर वेगळा काढला, की हा घोळ लगेच दिसतो.

काही ग्राहक तर मनाने जातच नाहीत. कार्डाची मुदत संपते किंवा पैसे कापले जात नाहीत आणि वर्गणी बंद पडते. भारतात 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. 5,000 रुपयांपेक्षा मोठी रक्कम दर वेळी ग्राहकाच्या मंजुरीशिवाय आपोआप कापता येईना. जून 2022 मध्ये ही मर्यादा 15,000 करण्यात आली. अशा गळतीवर उपाय सॉफ्टवेअर सुधारण्यात नसतो. वेळेवर आठवण देणे आणि पैसे पुन्हा मागून पाहणे, एवढ्यानेही बरेच ग्राहक टिकतात.

वार्षिक वर्गणीचा हिशेब तर वेगळाच मांडावा लागतो. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे अकरा महिने गळती शून्य दिसते आणि नूतनीकरणाच्या महिन्यात ती एकदम बाहेर पडते. दिवाळीच्या सवलतीत वार्षिक योजना विकली असेल, तर पुढच्या दिवाळीच्या सुमारास किती जण नूतनीकरण करतील, याचा वेगळा रकाना तक्त्यात हवा. त्या गटाचे एकही नूतनीकरण अजून झालेले नसेल, तर एकाच दरावर विसंबून न राहता कमी आणि जास्त अशा दोन दरांनी अंदाज मांडलेला बरा.