फुकट पट्ट्याचे तीनशे रुपये

१२०० रुपयांच्या शर्टावर ४०० रुपयांचा पट्टा फुकट. गिऱ्हाईक खूश होऊन १२०० मोजतं. हिशेबाच्या वहीत मात्र पट्टा फुकट नसतो.

दोन्ही वस्तू सुट्या घेतल्या असत्या तर १६०० झाले असते. त्यात शर्टाचा वाटा पाऊण, पट्ट्याचा पाव. मिळालेले १२०० त्याच प्रमाणात वाटले की शर्टाला ९०० आणि पट्ट्याला ३०० येतात. अशी वाटणी केली नाही, तर शर्टाचा विभाग उगाच फुगतो आणि पट्ट्याचा विभाग विनाकारण तोट्यात दिसतो.

खरी गंमत शर्ट परत आला की कळते. बिलावर शर्ट १२०० आणि पट्टा शून्य असेल, तर गिऱ्हाईक पूर्ण पैसे घेऊन पट्टा कमरेलाच ठेवू शकतं. वाटणी बिलावर छापलेली असली, तर ९००च परत मिळतात.

पण वाटणीला आधार हवा तो पट्टा एरवी खरोखर ज्या भावाने विकला जातो त्याचा. ४००ला जाणाऱ्या पट्ट्यावर ८००ची चिठ्ठी लावून हिशेब केला, तर शर्टाच्या वाट्याला ७२०च येतात आणि परतफेडीत गिऱ्हाइकाचे १८० बुडतात.

जीएसटीही अशा पट्ट्याला भेट मानत नाही. मार्च २०१९च्या परिपत्रकानुसार, एका किमतीत दोन वस्तू विकल्या असंच धरलं जातं. त्यामुळे दुकानदाराला पट्ट्याच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळते.