शिळ्या कल्चरचा फसवा गुलाबी रंग

बॅसिलस सबटिलिस हा मातीत सर्रास सापडणारा जिवाणू. त्याची पेट्रीडिश तीन दिवस तशीच राहिली आणि मग ग्रॅम रंजन केलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या कांड्यांच्या जोडीला गुलाबी कांड्याही दिसू शकतात. कल्चरमध्ये दुसराच कुणी जिवाणू शिरला, असं पटकन वाटतं. पण हा जिवाणू तोच असू शकतो, फक्त म्हातारा झालेला.

हान्स क्रिस्टियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत मांडली. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसात जंतू उठून दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. टायफॉइडचे जंतू मात्र रंग धरत नाहीत, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यामागचं कारण जिवाणूंच्या भिंतीत आहे, हे पुढे कितीतरी वर्षांनी उलगडलं.

आज काचपट्टीवर आधी क्रिस्टल व्हायोलेट मिनिटभर ठेवतात, मग आयोडीन. रंग आणि आयोडीन पेशीच्या आत एकमेकांना बांधले जाऊन त्यांचे मोठे कण बनतात. इथवर सगळे जिवाणू जांभळेच असतात. खरी निवड होते ती पुढच्या काही सेकंदांत, अल्कोहोल ओतल्यावर. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची भिंत म्हणजे पेप्टिडोग्लायकनचा जाड थर. अल्कोहोलने त्यातलं पाणी निघून जातं, छिद्रं आवळतात आणि रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूत हा थर अगदी पातळ असतो. त्याच्या बाहेरचं स्निग्ध आवरण अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि रंग धुऊन जातो. या रंगहीन झालेल्या पेशी शेवटी सॅफ्रनिनने गुलाबी होतात.

म्हणजे रंजनाला जिवाणूची जात कळत नाही. भिंत धड आहे की नाही, एवढंच कळतं. कल्चर जुनं झालं की अन्न संपतं, पेशी मरू लागतात आणि त्यांचीच विकरं भिंत कुरतडतात. अशा उसवलेल्या भिंतीतून जांभळा रंग निसटतो. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांच्यात हे विशेष घडतं. वय वाढल्याने ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू मात्र जांभळा होत नाही. तसा दिसला, तर स्मिअर जाड झाला असेल किंवा अल्कोहोल कमी पडलं असेल.

वरच्या उदाहरणात पट्टीवरच एक धागा मिळतो. कांड्यांच्या आत न रंगलेले, चकचकीत लंबगोल दिसले, तर ते बीजाणू असतात. नेहमीच्या ग्रॅम निगेटिव्ह कांड्यांत ते तयार होत नाहीत. तरी खात्रीसाठी एकच वसाहत उचलून नव्या माध्यमावर रेघा ओढाव्यात आणि १८ ते २४ तासांच्या आत पुन्हा रंजन करावं. त्याच पट्टीवर शेजारी माहितीतले ताजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय ठेवावेत. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी आला, तर अल्कोहोलचं प्रमाण बरोबर होतं. अशा पट्टीवर ताज्या बॅसिलसच्या कांड्या एकजात जांभळ्या दिसल्या, तर आधीचा गुलाबी रंग वयाचा होता. गुलाबी कांड्या तरीही राहिल्या आणि माध्यमावर दोन तऱ्हेच्या वसाहती उगवल्या, तर कल्चरमध्ये भेसळ आहे.