‘व्हेन आय विल रीच’ : विल कुठे खोडायचे, कुठे ठेवायचे?

जुना जालन्यातल्या आमच्या वर्गात मुलांना परभणीच्या मामाला इंग्रजीत पत्र लिहायला सांगितले. एका वहीत ही तीन वाक्ये होती :

१) व्हेन आय विल रीच परभणी, आय विल कॉल यू.
२) इफ द ट्रेन विल बी लेट, आय विल कम बाय बस.
३) आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन विल कम.

यातली पहिली दोन चूक आहेत, तिसरे बरोबर आहे. आपण नुसती लाल रेघ मारली, तर मूल पुढच्या पत्रात पुन्हा तेच लिहिते. कारण त्याने मनात "जेव्हा मी पोहोचेन, तेव्हा मी फोन करीन" असे पुस्तकी वाक्य जुळवून शब्दाला शब्द ठेवलेला असतो.

आता हेच मूल घरी कसे बोलते ते ऐका. "पोहोचलो की फोन करीन." "गाडी लेट झाली तर बसने येईन." पोहोचणे अजून व्हायचे आहे, तरी आपण ‘पोहोचलो’ म्हणतो. पुढची गोष्ट आहे हे ‘करीन’वरून कळतेच. इंग्रजीतही भविष्यकाळ एकाच भागात येतो. फरक इतकाच, की आपण भूतकाळाचे रूप वापरतो तिथे इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते.

म्हणून तपासताना मुलाला वाक्य आधी बोली मराठीत म्हणायला लावा. ‘-लो की’ किंवा ‘-ली तर’ असे आले, तर त्या भागातले विल खोडायचे. पहिले वाक्य होईल : व्हेन आय रीच परभणी, आय विल कॉल यू. दुसऱ्यात ‘विल बी’चे ‘इज’ होईल : इफ द ट्रेन इज लेट, आय विल कम बाय बस.

तिसरे वाक्य म्हणून बघा : "गाडी कधी येणार, माहीत नाही." इथे ‘की’ बसत नाही, ‘कधी’ येते. म्हणजे आत प्रश्न दडलेला आहे, म्हणून विल राहू द्या. इफचेही तसेच. "ती येणार का, विचार" यात ‘तर’ नाही, ‘का’ आहे. म्हणून ‘आस्क हर इफ शी विल कम’ हे बरोबर. घाईत यावर लाल रेघ मारू नका.

नियम शिकवल्यावर दोन नव्या चुका दिसू लागतात. काही मुले विल काढतात, पण ‘व्हेन द बस कम’ लिहितात. तिथे ‘कम्स’ हवे. काही जण दोन्ही भागांतले विल काढून ‘व्हेन आय रीच, आय कॉल यू’ लिहितात. मग मामाला वाटेल, हा दर वेळी पोहोचला की फोन करतो! या एका प्रवासाबद्दल सांगायचे, तर दुसऱ्या भागातले विल ठेवायलाच हवे.

आज एक वही घ्या आणि व्हेन, इफ दिसेल तिथे मुलाला एवढेच विचारा : "हे घरी कसं म्हणशील?"