इटालिक आणि कललेले अक्षर

रोमन लिपीतील छापील मजकुरात एखादा शब्द उजवीकडे झुकलेला दिसला, की आपण त्यास सरसकट 'इटालिक' म्हणतो. वस्तुतः खरे इटालिक आणि नुसते कलते केलेले उभे अक्षर या दोन निराळ्या गोष्टी होत.

इटालिकचा उगम कलण्यात नसून लेखणीच्या गतीत आहे. पंधराव्या शतकात इटलीतील विद्वान जे जलद, वाहते हस्ताक्षर लिहीत, त्यावरून फ्रांचेस्को ग्रिफो याने व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांच्यासाठी मुद्राक्षरे कोरली. १५०१ साली व्हर्जिलचे काव्य त्यांत छापले गेले. त्या ग्रंथातील कॅपिटल अक्षरे मात्र सरळ उभीच होती. म्हणजे तिरकेपणा हे इटालिकचे मूळ लक्षण नव्हे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पुस्तकी वळणाच्या उभ्या टाइपात लहान 'ए'च्या पोटावर वळणदार छत असते. इटालिकमध्ये ते नाहीसे होऊन एकच पोट उरते. 'एफ'चे शेपूट बहुधा ओळीखाली उतरते, आणि शब्द थोडा अरुंद होतो. नुसत्या कललेल्या अक्षरात यांपैकी काहीच घडत नाही.

१९२६ साली इंग्लंडमधील मुद्रणतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांनी असे प्रतिपादन केले, की उभ्या टाइपाचा जोडीदार त्याच्याशी मिळताजुळता, म्हणजे कललेले उभे अक्षरच असावा. डच अक्षरकार यान फान क्रिम्पेन यांनी 'रोम्युलस' या टाइपात तसा प्रयोगही केला. परंतु केवळ कल बदललेला शब्द धावत्या मजकुरात पुरेसा वेगळा उठून दिसत नाही, आणि अक्षरे ताठच राहतात. १९३२ साली मॉरिसन यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झालेल्या 'टाइम्स न्यू रोमन'ला रूढ वळणाचे इटालिकच लाभले.

म्हणून पुस्तकी टाइपात ग्रंथनामे, परभाषेतील शब्द, वनस्पतींची शास्त्रीय नावे यांसाठी खरे इटालिक योजावे. 'हेल्व्हेटिका'सारख्या, टोकांना आडव्या रेघा नसलेल्या टाइपाची गोष्ट वेगळी. त्याची घडण लेखणीच्या वळणावर उभी नाही. तेथे कललेले अक्षरच स्वभावाला जुळते.

मात्र तेही कुशल हाताने दुरुस्त केलेले हवे. अक्षर यांत्रिकपणे झुकविले, की वर्तुळाकार 'ओ' वरच्या उजव्या व खालच्या डाव्या बाजूस जाड होतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक पडतो. टाइपाचे इटालिक उपलब्ध नसेल, तेव्हा संगणक पुष्कळदा असेच करतो. तेव्हा मुद्रिते तपासताना तिरक्या शब्दातील 'ए' अवश्य पाहावा. पुस्तकी टाइप असून त्याच्या पोटावर छत शाबूत असेल, तर ते बहुधा इटालिक नव्हे, ओढून तिरके केलेले अक्षर होय.