रशियाचा व्हिसा आणि हॉटेलचं पत्र

रशियाच्या पर्यटक व्हिसासाठी वकिलातीत अर्ज करताना साधी बुकिंगची पावती नेहमीच पुरत नाही. परराष्ट्र खात्याकडे नोंदणी असलेलं हॉटेल किंवा पर्यटन कंपनी पाहुण्याच्या नावाने पुष्टिपत्र देते. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुक्कामाची शहरं आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो. नाव पासपोर्टप्रमाणेच हवं.

सर्वाधिक जपायच्या त्या तारखा, कारण व्हिसाची मुदत त्यांवरूनच ठरते. समजा, मुक्काम १० ते १७ मे आहे, पण परतीचं विमान १७च्या मध्यरात्रीनंतर १२.४० वाजता सुटतं. म्हणजे देश सोडण्याची तारीख १८. पत्रात १७ असेल तर विमानतळावर व्हिसा संपलेला असेल. म्हणून हॉटेलला तिकीट दाखवून अखेरची तारीख १८ लिहून घ्यावी.