ध्रुपद सगळ्यांना झेपेल अशी पट्टी कशी निवडायची?

भजनी मंडळ असो, बचत गटाची वार्षिक सभा असो की हळदीकुंकू, गाणं बसवताना एक गोष्ट हमखास होते. पहिली ओळ सगळ्याजणी छान म्हणतात, कडवंही नीट जातं, पण ध्रुपद वर चढलं की निम्म्याजणी गप्प होतात आणि उरलेल्या ओरडतात. मग आपण म्हणतो, "आमचा आवाजच चांगला नाही." बहुतेक वेळा आवाजात काहीच खोट नसते. गाणं चुकीच्या पट्टीत सुरू झालेलं असतं. म्हणून आजच्या भागात पट्टी कशी शोधायची ते आम्ही एका उदाहरणावरून सांगणार आहोत.

आधी पेटी समोर घेऊ. पेटीवर सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्यांचं एक सप्तक असतं, आणि तेच पुढे पुन्हा पुन्हा येतं. जवळजवळच्या दोन काळ्या दिसतात ना, त्यातली डावीकडची काळी एक आणि उजवीकडची काळी दोन. पुढच्या तीन काळ्या म्हणजे काळी तीन, चार आणि पाच. काळी एकच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक, आणि तिथून उजवीकडे सातपर्यंत मोजायचं. एका पट्टीवरून अगदी लगतच्या पट्टीवर गेलो, मग ती काळी असो की पांढरी, की त्याला आपण आज एक पायरी म्हणू. ज्या पट्टीला 'सा' धरायचा, ती त्या गाण्याची पट्टी. 'काळी चारमध्ये गाते' म्हणजे तिचा सा काळी चारवर आहे.

आता बायकांची अडचण नेमकी कुठे होते ते पाहू. गावात पेटी वाजवणारे बहुधा पुरुष असतात आणि पुरुषांचे आवाज साधारण काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या पट्ट्यांत बसतात. हात त्याच पट्टीवर बसलेला असतो, म्हणून तोच सा ते आपल्यालाही देतात. बायकांना तो सा एक सप्तक वर घ्यावा लागतो. सुरुवात जमते, पण तिथून ध्रुपदासाठी आणखी बारा-चौदा पायऱ्या चढायच्या म्हटल्यावर गळा आवळतो. त्याच पट्टीत खालच्या सप्तकात जावं, तर आवाज पोहोचतच नाही. बायकांचे आवाज बहुतेक काळी चार, पांढरी सहा, काळी पाच या भागात बसतात. काळी एकवरून काळी चारवर उतरायचं म्हणजे पाच पायऱ्या खाली. हा फरक छोटा नाही.

गळ्यात काय होतं तेही समजून घेऊ. सूर वर नेताना गळ्यातले स्वरतंतू ताणले जातात आणि जास्त वेगानं थरथरतात. काळी चारच्या सा ला ते सेकंदाला साधारण 208 वेळा थरथरतात, आणि त्याच्या वरच्या सा ला बरोबर दुप्पट, म्हणजे 415 च्या आसपास. सवय नसलेल्या गळ्याला हा ताण थोडा वेळ पेलतो. पण ध्रुपद एकदाच येत नाही, प्रत्येक कडव्यानंतर येतं. म्हणून पट्टी ठरवताना 'वरचा सूर एकदा लागतो का' हे विचारायचं नाही. 'शेवटच्या कडव्यानंतरही तो सहज लागतो का' हे विचारायचं.

आता उदाहरण. त्यात तीन कामं आहेत.

पहिलं काम गाणं मोजायचं. पेटीवाल्यांना गाणं कुठल्याही पट्टीत सावकाश वाजवायला सांगा. सगळ्यात डावीकडे बोट कुठे गेलं आणि सगळ्यात उजवीकडे कुठे, हे बघा. समजा, सगळ्यात खालचा सूर सा च्या एक पायरी खाली, म्हणजे खालचा नी आहे, आणि तो कडव्याच्या शेवटी येतो. सगळ्यात वरचा सूर ध्रुपदात आहे, तो वरचा रे. सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पायऱ्या, पुढे रे पर्यंत दोन, आणि खालच्या नी ची एक. एकूण पंधरा पायऱ्यांचं गाणं झालं.

दुसरं काम आवाज मोजायचा. कडवी म्हणणाऱ्या ताईंना पेटीच्या डाव्या सप्तकातल्या काळी पाचच्या आसपास एक सूर द्या. तिथून एकेक पायरी खाली उतरत त्यांनी ध्रुपदातला एखादा शब्द त्या सुरावर म्हणायचा. नुसता 'आ' म्हणून मोजू नका, कारण 'आ'वर तोंड उघडं राहतं आणि सूर सोपा जातो. शब्दात 'ई' किंवा 'ऊ' आला की वर आवाज आवळतो. खाली उतरताना शब्द पुटपुटल्यासारखा ऐकू यायला लागला की एक पायरी मागे या आणि तिथे टिकली लावा. मग तसंच वर चढत जा. हनुवटी वर उचलली जाते, मानेच्या शिरा दिसतात, किंवा आवाज एकदम पातळ होऊन वेगळाच निघतो. यातलं काही दिसलं की तिथून दोन पायऱ्या मागे या आणि दुसरी टिकली लावा. पहाटे उठल्या उठल्या हे करू नका. झोपेतून उठल्यावर आवाज जड असतो आणि खालचे सूर उगाच जास्त लागतात. कार्यक्रम ज्या वेळी आहे, त्याच सुमाराला मोजा.

समजा, ताईंची खालची टिकली डाव्या सप्तकातल्या पांढरी पाचवर लागली आणि वरची मधल्या सप्तकातल्या पांढरी सातवर. मधल्या पायऱ्या मोजल्या तर सोळा भरतात. गाणं पंधरा पायऱ्यांचं, आवाज सोळा पायऱ्यांचा, म्हणजे गाणं बसतं. गाण्याच्या पायऱ्या आवाजापेक्षा जास्त भरल्या असत्या, तर कुठलीच पट्टी उपयोगी पडली नसती. वर बसवावं तर खाली अडतं आणि खाली बसवावं तर वर. तेव्हा कडवी दोघींत वाटून घ्यावीत किंवा दुसरं गाणं निवडावं.

तिसरं काम गाणं आवाजावर ठेवायचं. खालचा नी पांढरी पाचवर ठेवला तर सा एक पायरी वर, काळी चारवर येतो. मग ध्रुपदातला वरचा रे येतो मधल्या सप्तकातल्या काळी पाचवर. वरची टिकली पांढरी सातवर आहे, म्हणजे वर एक पायरी शिल्लक राहते. सा पांढरी सहावर घेतला तरी गाणं बसतं, पण मग रे अगदी वरच्या टिकलीवर जातो. ध्रुपदासाठी वर थोडी जागा हवीच, म्हणून काळी चार बरी. हेच गाणं पेटीवाल्यांच्या काळी एकमध्ये घेतलं असतं, तर रे ताईंच्या टिकलीच्या चार पायऱ्या वर गेला असता. गाणं का फाटत होतं, ते इथे कळतं.

पण ध्रुपद एकट्या ताईंचं नसतं. मागे म्हणणाऱ्या सगळ्यांच्या वरच्या टिकल्या लावा, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची. समजा, तिघींच्या टिकल्या मधल्या सप्तकातल्या पांढरी सहावरच थांबल्या. काळी चारमध्ये रे काळी पाचवर येतो, म्हणजे त्यांच्या एक पायरी वर. आता एक पायरी उतरून सा पांढरी पाचवर घेतला, तर रे पांढरी सहावर येतो आणि तिघींनाही पोहोचतो. त्यांना वर जागा उरत नाही, म्हणून त्यांनी तो सूर हलकाच म्हणावा. मात्र कडव्यातला खालचा नी आता काळी तीनवर गेला, आणि तो ताईंच्या खालच्या टिकलीच्या एक पायरी खाली आहे. मग काय करायचं? कडवं एकीचंच असतं. ज्यांचा आवाज जरा जड आहे, त्यांच्याकडे ते कडवं द्या. ध्रुपद सगळ्यांना पोहोचेल अशी पट्टी आधी धरायची आणि कडव्याला माणूस नंतर शोधायचं. एखादीला तरीही वरचा सूर लागत नसेल, तर तेवढ्या एका शब्दाला तिनं थांबावं. ताणून बेसूर म्हटलं तर शेजारणीचाही सूर ढळतो.

पट्टी ठरली की ढोलकी किंवा तबलावाल्यांना लगेच सांगा. त्यांचं वाद्यही सा ला लावावं लागतं. एक-दोन पायऱ्यांचा फरक ते जुळवून घेतात, पण पाच पायऱ्यांसाठी बहुधा दुसरा तबलाच आणावा लागतो. हे कार्यक्रमाच्या दिवशी सांगून चालत नाही.

मोबाईलच्या तानपुऱ्यावर पट्ट्यांची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात. पांढरी एक म्हणजे C, काळी एक C#, पांढरी पाच G, काळी चार G#, पांढरी सहा A, काळी पाच A#. तयार ट्रॅकवर गात असाल, तर ट्रॅकची पट्टी बदलणाऱ्या ॲपमध्ये −1 म्हणजे एक पायरी खाली. तीन-चार पायऱ्यांपेक्षा जास्त उतरवलं की वाद्यांचा आवाज घोगरा आणि विचित्र यायला लागतो.

जवळ पेटी नाही आणि मोबाईलही नाही, तर गाणं पहिल्या ओळीपासून सुरू करू नका. आधी ध्रुपदातली सगळ्यात उंच ओळ सगळ्याजणींनी मिळून सहज म्हणा. ती सगळ्यांना लागली की तिथून चाल न तोडता पहिल्या ओळीवर या, आणि तो सूर गुणगुणत धरून ठेवा. तीच तुमची सुरुवात. लोकांसमोर उभं राहिलं की उत्साहात आपण नकळत वरच सुरू करतो, म्हणून हा सूर एकीनं सांभाळावा आणि बाकीच्यांनी तिच्याकडून घ्यावा.

शेवटी परीक्षा. उभं राहून, कार्यक्रमात म्हणाल तेवढ्या मोठ्या आवाजात, सगळं गाणं सलग दोनदा म्हणा. दुसऱ्या वेळच्या शेवटच्या ध्रुपदात कुणी खाकरलं, सूर उतरला किंवा नंतर घसा खवखवला, तर एक पायरी खाली या आणि पुन्हा म्हणून बघा. कडव्यातले शब्द मागच्या रांगेत ऐकू येईनासे झाले, तर खाली उतरणं जास्त झालं असं समजा. आणि गाण्याशिवायही घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर तो पट्टीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा.

ठरलेली पट्टी गाण्याच्या वहीत गाण्याच्या नावाशेजारीच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पेटीवाले दुसरे आले तरी सा तुमचाच राहील.